नक्षीला नाव देणे म्हणजे साडी ओळखणे नव्हे

१/
काठाचे अगदी जवळून टिपलेले एक छायाचित्र आणि त्याखाली एकच ओळ: ‘ही कोणत्या प्रकारची साडी आहे?’ पाच मिनिटांत उत्तरे येतात. कोणी ‘पैठणी’ म्हणतो, कोणी ‘मुनिया’, कोणी ‘येवला’, कोणी ‘सेमी पैठणी’, तर कोणी ‘जुनी इरकल’. प्रत्येक उत्तर ठाम असते आणि कारण कोणीच देत नाही. या धाग्याचे म्हणणे असे की, या पाचांपैकी एकही उत्तर खऱ्या अर्थाने उत्तर नाही. शिवाय नुसत्या दर्शनी बाजूच्या छायाचित्रावरून दिलेले नाव इतिहासाच्या दृष्टीने निरुपद्रवीही नसते. त्याची किंमत कोणा ना कोणा विणकराला मोजावी लागते.

२/
जळगावच्या मेहरूण परिसरातील माणसाला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही. ‘मेहरूण’ हे तलावाकाठच्या वस्तीचे नाव आहे आणि बोराच्या एका जातीचेही. त्या जातीची झाडे आज महाराष्ट्रात अन्यत्रही लावली जातात. म्हणून टोपलीतले बोर ‘मेहरूणचे’ आहे असे कोणी म्हणाले, तर ते त्या मातीतले आहे की केवळ त्या जातीचे आहे, हे वेगळे विचारावे लागते. साडीच्या नावांचेही तसेच आहे. पैठणीचे नाव पैठणवरून पडले, पण तिचे आजचे मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला आहे. नाव गावाचे असले तरी ते आता एका विणकामाचे झाले आहे.

३/
आता एक उदाहरण घेऊ आणि धागाभर तेच तपासू. समजा, मेहरूणमधील एका घरात आजीची पत्र्याची ट्रंक उघडली गेली. तळाशी वांगी रंगाचे नऊवारी लुगडे निघाले. त्याच्या काठावर पिवळ्या चकाकत्या जमिनीवर हिरव्या पोपटांची रांग आहे. नातवाने काठाचे चार बोटे रुंदीचे छायाचित्र घेतले आणि प्रश्न विचारला. पोपट दिसताच बहुसंख्य उत्तरे ‘मुनिया काठाची पैठणी’ अशी आली. घरात आनंद झाला. आजीकडे पैठणी होती, ही गोष्ट कुटुंबाच्या इतिहासात जमा झाली.

४/
या उत्तरात पहिली चूक ‘प्रकार’ या शब्दाची आहे. पैठणीचेच वर्गीकरण किमान तीन तऱ्हांनी केले जाते. नक्षीवरून बांगडी-मोर, मुनिया, कमळ अशी नावे पडतात. रंगावरून काळ्या अंगाची व लाल काठाची काळी चंद्रकळा, पोपटी राघू, पांढरी शिरोदक अशी पडतात. विणीवरून कडियाल आणि एकधोटी अशी पडतात. एकच साडी एकाच वेळी मुनिया, राघू आणि कडियाल असू शकते. तेव्हा ‘कोणता प्रकार?’ या प्रश्नाला तीन खरी उत्तरे संभवतात, आणि ती तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची असतात.

५/
दर्शनी छायाचित्र यांपैकी दोनच गोष्टी दाखवते: नक्षी आणि रंग. रंगही प्रकाशानुसार आणि कॅमेऱ्यानुसार बदलतो. म्हणजे खात्रीने उरते ती नक्षी. आणि नक्षी हाच पुरावा सर्वांत कच्चा, कारण नक्षी कोणालाही उचलता येते. पोपट विणता येतो, छापता येतो, भरतकामाने काढता येतो, यंत्रमागावर पाडता येतो. पोपटावर कोणत्याही गावाची मालकी नाही. वीण मात्र अशी सहज उचलता येत नाही. तिच्यासाठी विशिष्ट माग, विशिष्ट हात आणि विशिष्ट वेळ लागतो. म्हणून साडीची ओळख विणीत शोधायची असते.

६/
वीण म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले धागे म्हणजे ताणा. त्यांच्यामधून रुंदीच्या दिशेने धोट्याने नेलेला धागा म्हणजे बाणा. साध्या कापडात एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि परत येतो. मग अंग एका रंगाचे आणि काठ दुसऱ्या रंगाचा कसा होतो? काठाच्या जागी ताण्याचे धागे वेगळ्या रंगाचे लावले जातात. पण बाणा सगळीकडे तोच असल्यामुळे काठाच्या रंगात अंगाच्या बाण्याची छटा मिसळते. एकधोटी या नावाचा अर्थ हाच: धोटा एकच.

७/
कडियाल विणीत असे होत नाही. तिथे तीन धोटे चालतात: एक डाव्या काठासाठी, एक अंगासाठी, एक उजव्या काठासाठी. अंगाचा धोटा काठाच्या सीमेपर्यंत येतो. तिथे त्याचा धागा काठाच्या धाग्यात अडकवला जातो आणि दोघे आपापल्या प्रदेशात परततात. प्रत्येक फेरीला हेच. त्यामुळे काठात ताणा आणि बाणा दोन्ही एकाच रंगाचे राहतात, आणि काठ निर्भेळ दिसतो. कडियाल शब्दाचा अर्थच मुळी कडीसारखे एकमेकांत अडकवणे असा आहे. साडीच्या पूर्ण लांबीत हजारो वेळा ही कडी घातली जाते.

८/
पैठणीचा पदर तर याहून पुढे जातो. पदरावर बाण्याची जर हीच जमीन असते, आणि मोर, पोपट, वेल यांचा प्रत्येक रंग स्वतंत्र छोट्या तिल्लीवरून येतो. हिरव्या पोपटाच्या हद्दीपर्यंत जर जाते, तिथे हिरव्या धाग्यात अडकते आणि मागे वळते. हिरवा धागा पोपटापुरताच जातो. एका ओळीत पाच पोपट असले, तर पाच वेगळ्या तिल्ल्या लागतात. पोपटाच्या बाहेर हिरव्या धाग्याला काही कामच नसते, म्हणून तो बाहेर जातही नाही. पुढचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

९/
कारण यातून एक साधा निष्कर्ष निघतो. जो रंग फक्त आपल्या आकारापुरता फिरतो, तो मागच्या बाजूलाही त्या आकारापुरताच दिसणार. म्हणून तिल्लीने विणलेल्या पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलट्या बाजूसारखीच असते. थोड्या गाठी आणि रंग बदलतानाची धाग्यांची टोके दिसतील, पण एका पोपटाकडून दुसऱ्याकडे जाणारे मोकळे धागे दिसणार नाहीत. याउलट, जमिनीच्या विणीवर जादा धागे घालून नक्षी उठवली असेल, तर ते धागे नक्षी संपल्यावर मागच्या बाजूला लोंबत पुढच्या नक्षीपर्यंत जातात, किंवा कातरलेले असतात.

१०/
आता मेहरूणच्या लुगड्याकडे वळू. नातवाने काठ उलटा करून, शेजारी मापासाठी एक नाणे ठेवून, दुसरे छायाचित्र घेतले असे समजा. त्यात तीन गोष्टी दिसल्या. पहिली: पोपटांच्या मागे हिरवे धागे होते आणि ते एका पोपटाकडून दुसऱ्याकडे काठाच्या लांबीच्या दिशेने मोकळे गेले होते. दुसरी: पोपटामागून आडवा जाणारा बाणा वांगी रंगाचाच होता, अंगातून काठात सरळ शिरलेला. तिसरी: अंग आणि काठ यांच्या सीमेवर एकही कडी नव्हती.

११/
तीन खुणांचा अर्थ क्रमाने लावता येतो. मोकळे धागे लांबीच्या दिशेने जातात, म्हणजे नक्षीचे धागे ताण्यात घातलेले जादा धागे आहेत. तिल्लीच्या कामात रंग बाण्यातून येतो. त्यामुळे हा पोपट तिल्लीने विणलेला असणे शक्यच नाही. वांगी बाणा काठात शिरला, म्हणजे धोटा एकच होता. सीमेवर कडी नाही, म्हणजे काठ कडियाल नाही. तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. दर्शनी बाजूला मुनिया, आणि बांधणीत पैठणीचे काहीही नाही. पहिल्या छायाचित्रावर आलेले सर्व ठाम निकाल एका उलट्या घडीने रद्द झाले.

१२/
इथे उत्साही वाचक लगेच दुसऱ्या टोकाला जातो: ‘म्हणजे ही यंत्रमागाची नक्कल!’ हाही निकाल तितकाच घाईचा. जादा ताण्याने काठ उठवण्याची युक्ती हातमागावरही चालते आणि यंत्रमागावरही. जॅकार्ड हे नक्षी पाडणारे यंत्रही हातमागावर बसवले जाते. येवल्यातही हातमागावर जॅकार्ड वापरले जाते. तेव्हा मागे मोकळे धागे दिसले, तर ‘तिल्लीचे काम नाही’ एवढेच सिद्ध होते. ‘हाताने विणलेले नाही’ हे सिद्ध होत नाही. हे दोन निष्कर्ष सर्रास एकत्र केले जातात, आणि त्यातून प्रामाणिक हातमाग विणकरही नकलाकार ठरतो.

१३/
हातमाग की यंत्रमाग, याचा पुरावा कुठे मिळतो? काही प्रमाणात किनारीवर. धोटा कोणत्याही मागावर असो, बाणा काठावरून वळून परत येतो, म्हणून किनार सलग व गोलसर असते. धोटा नसलेल्या आधुनिक मागांवर मात्र प्रत्येक बाणा कापला जातो. किनारीवर झालर किंवा आत दुमडलेली टोके दिसतात. अशी किनार असेल, तर कापड हातमागाचे नाही आणि जुनेही नाही. पण किनार सलग असेल, तर ती हातमागाची किंवा जुन्या धोट्याच्या यंत्रमागाची, दोन्ही असू शकते. कापड ताणून धरणाऱ्या साधनाच्या टाचण्यांची भोकेही लोक पुरावा म्हणून दाखवतात. परंतु यंत्रमागावरही ताण देणारे दातेरी साधन असते आणि तेही भोके पाडते.

१४/
याउलट तीन धोट्यांची कडी हा अधिक मजबूत पुरावा आहे. साधा यंत्रमाग धोटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे फेकतो. अर्ध्या वाटेत थांबून शेजारच्या धाग्यात अडकून परतणे त्याच्या रचनेतच नाही. म्हणून उलट बाजूला सीमेवर खऱ्या कड्या दिसल्या, तर हाताचे काम असल्याचा दावा भक्कम होतो. म्हणजे उलटी बाजू ‘आहे’ हे बऱ्यापैकी ठामपणे सांगते. ‘नाही’ म्हणताना मात्र ती अर्धेच सांगते. ओळख पटवणाऱ्याने आपला शब्दही याच मापाने उचलावा.

१५/
धाग्याचा प्रश्न तर छायाचित्राच्या पूर्णपणे बाहेर आहे. रेशीम, कृत्रिम रेशीम आणि पॉलिस्टर हे तिन्ही छायाचित्रात सारखेच चमकतात. मेहरूणच्या काठाची ‘सोनेरी’ जमीन जर आहे की पिवळा चकचकीत धागा, हे काठाच्या फाटलेल्या जागी सुटलेला एकच धागा पाहून कळते. जर असेल, तर आतल्या धाग्यावर धातूची बारीक पट्टी गुंडाळलेली दिसते. जळण्याची परीक्षा करायचीच, तर ती अशा सुटलेल्या धाग्याच्या तुकड्यावर, साडीपासून दूर. रेशीम केस जळाल्यासारखा वास देते आणि राख चुरगळते. सूत व कृत्रिम रेशीम कागदासारखे जळतात. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. जुन्या वस्त्रातून मुद्दाम धागा ओढून काढणे मात्र कोणत्याही कुतूहलासाठी समर्थनीय नाही.

१६/
समजा, आपल्या उदाहरणात काठाचा सुटलेला पिवळा धागा कागदासारखा जळाला आणि त्यावर धातूची पट्टी नव्हती. अंगाचा धागाही सुताचा निघाला. आता चित्र स्पष्ट होते: सुती नऊवारी, कृत्रिम रेशमी धाग्याचा, जादा ताण्याने उठवलेल्या पोपटांचा काठ. हे वर्णन वाचताच खान्देशाच्या इतिहासात एक दुसरे दार उघडते, आणि ‘मुनिया पैठणी’ या घाईच्या उत्तराने नेमके तेच दार बंद केले होते. ते दार मालेगावचे.

१७/
मालेगाव हे धुळ्याहून नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. १८५७ नंतरच्या दशकांत उत्तर भारतातून आलेली मोमीन विणकर कुटुंबे तिथे स्थिरावली. आधी हातमागावर आणि विसाव्या शतकात क्रमाने यंत्रमागावर त्यांनी रंगीत सुती साड्या विणल्या. या साड्या शेतात, विहिरीवर, बाजारात नेसण्यासाठी होत्या, लग्नाच्या बोहल्यासाठी नव्हत्या. त्यांना वस्तुसंग्रहालयात जागा मिळाली नाही. अशी साडी ट्रंकेतून निघते तेव्हा तिचे नाव कोणालाच आठवत नाही. मग काठावरचा पोपट पाहून तिला उसन्या प्रतिष्ठेचे नाव दिले जाते.

१८/
मेहरूणचे लुगडे मालेगावचेच, असा निकालही विणीवरून देता येत नाही. अशा काठाची सुती वस्त्रे अन्य गावांतही विणली गेली. ठिकाण ठरवायला वेगळा पुरावा लागतो: घरातील आठवण, ट्रंकेतील दुकानाची पावती, कापडाच्या टोकावरचा गिरणीचा किंवा व्यापाऱ्याचा शिक्का. आजी सांगत असेल की हे लुगडे तिच्या वडिलांनी धुळ्याच्या बाजारातून आणले, तर ते वाक्य टिपून ठेवण्यासारखे आहे. पण पैठणीचे नाव एकदा चिकटले, की आजीला हा प्रश्न कोणी विचारतच नाही. चुकीच्या नावाचे खरे नुकसान हेच: पुढचा तपासच थांबतो.

१९/
नुकसान दुसऱ्या बाजूलाही होते. तिल्लीच्या पदराच्या पैठणीला नक्षीच्या दाटपणानुसार काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात. तिची किंमत म्हणजे मुख्यतः त्या दिवसांची मजुरी. पोपट दिसला की पैठणी, असे लोक एकमेकांना शिकवू लागले, तर काही तासांत निघालेले कापड त्याच नावाने विकले जाते. मग येवल्याच्या विणकराला आपली साडी महाग का, हे प्रत्येक गिऱ्हाइकासमोर सिद्ध करावे लागते. पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, पण नाव सैलपणे वापरण्याची सवय वाचकांनीच लावली, तर नोंदणी काय करणार?

२०/
कायद्यालाही ही गोष्ट उमजली होती. १९८५ मध्ये संसदेने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो १९९३ मध्ये वैध ठरवला. राखीव वस्तूंत साडी आहे. पण कोणती साडी, हे ठरवताना धागा कोणता आणि जादा ताण्या-बाण्याने उठवलेली नक्षी आहे का, असे बांधणीचे प्रश्न विचारले जातात. साडीवर मोर आहे की पोपट, याला तिथे महत्त्व नाही. कायद्याची अंमलबजावणी कितपत झाली, हा वेगळा वाद. पण साडीची व्याख्या कुठून सुरू करावी, याबाबत रुक्ष सरकारी अधिसूचना समाजमाध्यमांवरील जाणकारांपेक्षा अधिक शहाणी ठरते.

२१/
नक्षीवरून इतिहास सांगणाऱ्यांचा आवडता मुद्दा अजिंठ्याचा. जळगावहून लेणी जवळ, त्यामुळे खान्देशात तो अधिकच ऐकू येतो: पैठणीवरील कमळ आणि पक्षी अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत, म्हणून ही वीण दोन हजार वर्षांची. भिंतीवरचे कमळ हे कमळाच्या नक्षीचा पुरावा आहे. त्यावरून तिल्ली आणि तीन धोटे सिद्ध होत नाहीत. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात पैठणचा उल्लेख येतो, तोही इथे साक्ष म्हणून काढला जातो. पण त्या मजकुरात भडोचला पैठणहून जातात ते गोमेदासारखे दगड. कापड आणि मलमल जाते ते तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून.

२२/
याचा अर्थ पैठणला प्राचीन काळी कापड विणले जात नव्हते असा नाही. अर्थ एवढाच की, जो पुरावा दाखवला जातो तो त्या दाव्याचा नाही. छायाचित्रातील पोपटावरून पैठणी ठरवणे आणि भिंतीवरील कमळावरून विणीचे वय ठरवणे या दोन्हींत एकच दोष आहे: आकार पाहिला आणि बांधणी गृहीत धरली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिलालेखाचा ठसा पुरत नाही, तो दगडही पाहतो. साडीच्या बाबतीत तो उलटी बाजू मागत नाही, याला काय म्हणावे?

२३/
एक आक्षेप रास्त आहे: ‘काही साड्या समोरूनही ओळखता येतात.’ इरकल हे त्याचे चांगले उदाहरण. बागलकोट जिल्ह्यातील इळकलची ही साडी महाराष्ट्रात घरोघरी आहे. तिचा लाल पदर आणि त्यावरचे पांढरे दातेरी पट्टे चटकन नजरेत भरतात. पण नेमके या ओळखीच्या रूपामुळेच यंत्रमागाने तिची नक्कल मुबलक केली. तिची खरी खूण पट्ट्यांत नाही. पदर जिथे सुरू होतो, त्या रेषेत ती आहे. पारंपरिक इरकलीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, आणि दोन्हींचे धागे फासे घालून एकेक करून जोडलेले असतात. यालाच टोपी-तेणी म्हणतात.

२४/
म्हणून इरकलीच्या छायाचित्रात पाहायचे ते असे: अंगातील उभे धागे पदरात शिरतात का? हिरव्या अंगाचे हिरवे उभे धागे लाल पदराखालून पुढे चालू राहिलेले दिसले, तर ताणा एकच आहे, आणि पदराचा लाल रंग फक्त बाण्याचा आहे. ती साडी इरकलीच्या वळणाची म्हणावी, टोपी-तेणीची म्हणू नये. रेषेपाशी सगळा ताणाच बदललेला दिसला, तर दावा पक्का. म्हणजे समोरूनही ओळख पटते, पण ती योग्य जागेचे छायाचित्र असेल तर. काठाचे सुंदर छायाचित्र इथेही निरुपयोगी.

२५/
दुसरा आक्षेप अनुभवाचा: ‘जुने व्यापारी एका नजरेत सांगतात.’ सांगतात, पण त्यांच्या हातात छायाचित्र नसते, साडी असते. बोटांना वजन कळते, जर खरखरीत आहे की मऊ हे कळते. माल कोणाकडून आला हेही त्यांना ठाऊक असते. आणि पैठणीचा जाणकार पदर हाती येताच तो उलटून पाहतो. त्या क्षणभराच्या हालचालीला लोक ‘नजर’ समजतात. नजर पाहणाऱ्यांनी हात पाहिलाच नाही. सध्या मात्र पदराच्या मागे जाळीचे अस्तर लावलेले असते. ते धागे अडकू नयेत म्हणून असते, पण पुरावाही झाकते. अस्तर असेल, तर त्याची कड किंचित उचलून पाहिल्याशिवाय कोणीही निकाल देऊ नये.

२६/
तिसरा आक्षेप असा की, विचारणाऱ्याला फक्त नाव हवे असते. त्याला एवढा काथ्याकूट कशाला? तर त्याला उत्तर द्यावे, पण ते पायरीपायरीने द्यावे. मेहरूणच्या लुगड्याचे प्रामाणिक उत्तर दोन ओळींत मावते: ‘सुती नऊवारी, काठावर जादा ताण्याने उठवलेली पोपटांची नक्षी, कृत्रिम रेशमी धागा, एकाच धोट्याचे विणकाम, म्हणून पैठणी नव्हे. हातमाग की यंत्रमाग आणि कोणत्या गावचे, हे विणीवरून ठरत नाही, घरच्यांना विचारावे.’ यात नाव नाही, पण खोटेही काही नाही. आणि पुढे काय विचारायचे, हे त्यात लिहिलेले आहे.

२७/
आणि पहिल्याच छायाचित्राला द्यायचे उत्तर याहूनही लहान आहे: ‘काठ उलटा करा. अंग आणि काठाची सीमा, नक्षीची मागची बाजू, पदर सुरू होतो ती रेषा आणि किनार, अशी चार छायाचित्रे मापासह पाठवा.’ ज्याला हे सांगण्याची सवय नाही, त्याने नाव सांगण्याची घाईही करू नये. आजीची साडी पैठणी नसली, तर आजीचे काहीच कमी होत नाही. पण ती ज्यांनी विणली त्यांचे नाव पुसून तिच्यावर दुसऱ्यांचे नाव लिहिले, तर दोघांचेही कमी होते: ज्यांचे नाव गेले त्यांचे, आणि ज्यांचे नाव स्वस्त झाले त्यांचे.